'जाऊ दे'ची आठ महिन्यांची गोष्ट

गाणं लिहून, चाल लावून, रेकॉर्ड करून लोकांपुढे ठेवायला मला आठ महिने लागले. त्यातले सहा महिने एकाच गोष्टीत गेले: गाण्याचे तुकडे कुठल्या क्रमानं लावायचे आणि चाल शेवटपर्यंत कंटाळवाणी कशी होऊ द्यायची नाही. हे शोधताना मला मराठीत फारसं काही वाचायला मिळालं नाही. म्हणून जे जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

माझी पार्श्वभूमी म्हणजे साताऱ्याकडच्या आमच्या गावचं भजनी मंडळ. आई त्यात गाते, मी लहानपणी पेटी वाजवायचे. शिकून पुण्यात आले, नोकरीला लागले आणि पेटी माळ्यावर गेली. २०२३च्या दिवाळीत गावाहून परत निघताना एसटी स्टँडवर आईनं डबा पुढे केला, मी 'नको गं, ओझं होतं' म्हटलं, आणि गाडीत बसल्यावर दोन ओळी सुचल्या:

फलाटावर दिवा एक, पिशवीला गाठी दोन
डबा घे गं, म्हणते आई, पोचलीस की कर फोन

१० फेब्रुवारी २०२४ला, शनिवारी, पेटी खाली काढली. महिनाभरात चाल झाली. ध्रुवपद असं होतं:

जाऊ दे, जाऊ दे
एकदा मागे पाहू दे

फोनवर रेकॉर्ड केलं आणि भाच्याला ऐकवलं. तो एकवीस वर्षांचा, गिटार वाजवतो, कॉलेजच्या बँडमध्ये आहे. शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाला, "मावशी, शब्द मस्त आहेत. पण कोरस कुठे आला?"

मला राग आला. चांगलं तीनदा आलं होतं की ध्रुवपद. तो म्हणाला, "बरं, आता शब्द न म्हणता नुसतं ला-ला करून गा. मी पाठ करून बसतो. कोरस आला की हात वर करतो." मी गायले. त्यानं हात एकदाच वर केला, तोही दुसऱ्या कडव्याच्या मधेच. तेव्हा पटलं. पुढे काही वाचायचा कंटाळा असेल, तर ही एक चाचणी तेवढी करून बघा. तिला पैसे लागत नाहीत आणि ती खोटं बोलत नाही.

चूक काय होती ते नीट सांगते, कारण तीच चूक मी नंतर दुसऱ्यांच्या गाण्यांतही ऐकली. आपल्या भजनात, अभंगात ध्रुवपद आधी येतं. बुवा ते म्हणतात, टाळकरी उचलतात, ते सगळ्यांच्या तोंडी बसतं आणि मग कडव्यांतून फिरून तिथेच परत यायचं असतं. ऐकणाऱ्याला घर आधी दाखवलेलं असतं. पाश्चात्त्य धर्तीच्या पॉप गाण्यात ज्याला व्हर्स-कोरस म्हणतात त्यात उलटं असतं. कडवं आधी येतं आणि घर नंतर सापडतं. त्यामुळे ते घर आहे हे चालीनंच सांगावं लागतं. 'हेच मुख्य' असं आधी कुणी सांगितलेलं नसतं. मी भजनाच्या कानानं व्हर्स-कोरसचं गाणं बांधलं होतं. ध्रुवपद मागे नेलं, पण ते ओळखू यावं अशी काहीच तजवीज केली नव्हती.

त्या रात्री चौकोनी रेघांची वही घेतली. आडव्या बाजूला मात्रा, उभ्या बाजूला स्वर. जिथे जो स्वर लागतो तिथे टिंब. कडवं निळ्या पेनानं, ध्रुवपद लाल पेनानं. दोन पानं भरली आणि बघते तो निळी टिंबं आणि लाल टिंबं एकाच पट्ट्यात, सा ते प. दोन्ही गंधारावरून सुरू होत होती. दोन्ही पहिल्या मात्रेवर पडत होती. दोन्हींतल्या ओळी सारख्याच लांबीच्या. कॉर्ड्स, म्हणजे चालीखाली एकत्र वाजवलेले स्वर, तेसुद्धा दोन्हींचे सी मेजरपासूनच. (माझा सा पांढरी एक, म्हणजे सी.) ओळ वेगळी होती, पण तिची उंची, सुरुवात आणि श्वास तेच होते. कानाला तो एकच लांबलचक तुकडा वाटणार नाही तर काय!

शिवाय मांडणी. गाण्याची लय मिनिटाला ९६ मात्रांची, चार मात्रांचा बार. म्हणजे एक बार बरोब्बर अडीच सेकंदांचा. हे गणित सोपं पडतं म्हणून मी लय ९६वरच ठेवली, आणि तुम्हीही असं काहीतरी करा, मांडणी बघताना सोयीचं जातं. माझा पहिला आराखडा असा होता: सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा ८ बार, पहिलं कडवं १६, लगेच दुसरं कडवं १६, मग ध्रुवपद. बेरीज ४० बार, म्हणजे ध्रुवपद पहिल्यांदा यायला १०० सेकंद. एक मिनिट चाळीस सेकंद ऐकणाऱ्यानं कशाच्या भरवशावर थांबायचं?

एप्रिलपासून आम्ही दर रविवारी बसायला लागलो. फी म्हणून भाच्याला जेवण. पहिले दोन रविवार तर नुसतं कडवं खाली उतरवण्यात गेले. मी मंद्र पंचमापासून, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पासून, मध्य गंधारापर्यंतच फिरायचं ठरवलं. 'फलाटावर दिवा एक' आता सा सा रे ग करत चढतं आणि 'गाठी दोन'ला मंद्र धैवतावरून मंद्र पंचमावर उतरतं. हे बोलल्यासारखं वाटतं, आणि ते तसंच वाटायला हवं होतं, कारण कडव्यात गोष्ट सांगायची असते. शब्द भराभर येतात, बारमध्ये दोन-दोन. दुसरी सुधारणा भाच्यानं सुचवली: कडव्याची प्रत्येक ओळ पहिली मात्रा सोडून सुरू करायची. पहिली मात्रा वाद्यांची, मग मी. सवय होईपर्यंत मी दर वेळी घाईनं आत शिरत होते.

ही सोडलेली मात्रा कशासाठी ते ध्रुवपदापाशी कळलं. तिथे 'जा' नेमका समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतो. वीस-पंचवीस बार गायिका मात्रेच्या मागून येत होती, आता अचानक मात्रेबरोबर. आणि तो 'जा' तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, दोन मात्रा धरलेला: सां, मग ध, प. दुसरा 'जाऊ दे' निषादावरून: नि, ध, प. कडव्याचा सगळ्यात वरचा स्वर ग होता. ध्रुवपद सुरूच त्याच्या खूप वर होतं. शब्दही मला मदत करणारे निघाले. 'जा'तला आ आणि 'दे'तला ए दोन्ही तोंड उघडून धरता येतात. माझ्या पहिल्या खर्ड्यात तिथे 'निघू दे' होतं. 'नि' तार षड्जावर धरून बघा, गळा आवळल्यासारखा वाटतो. वरच्या लांब स्वराखाली आ, ए, ओ असलेलं अक्षर ठेवायचं, हे जुन्या गीतकारांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. मला गायिकेच्या चेहऱ्याकडे बघून शिकावं लागलं.

खालच्या कडव्यातून एकदम तार षड्जावर उडी मारली तर ती भिंतीवर चढल्यासारखी वाटली. म्हणून मधे चार बारांची पायरी लागली. इंग्रजीत तिला प्री-कोरस म्हणतात. आपल्याकडे अंतऱ्याची शेवटची ओळ मुखड्याकडे परत आणते, तिला वादक मंडळी क्रॉस लाइन म्हणतात. कामाच्या दृष्टीनं ही तिचीच बहीण. शब्द असे:

घंटी वाजली, दार लागलं,
हात सुटला, हात सुटला

सूर रे, ग, म, प असे एकेक पायरी चढतात आणि पंचमावर थांबतात. कॉर्ड्स डी मायनर, एफ, मग दोन बार जी. जी मेजर लांबवला की कान सी मागायला लागतो. इथे भाचा हसला आणि म्हणाला, "सगळ्यांना सी हवाय ना? नाही द्यायचा." त्यानं ध्रुवपदाखाली एफ ठेवला. तोच तार षड्ज, पण खाली एफ असल्यामुळे तो घरी पोचलेला वाटत नाही, उघड्यावर उभा असल्यासारखा वाटतो. एसटीच्या पायरीवर उभी असलेली मुलगी मला नेमकी तिथे दिसली. ध्रुवपदाच्या ओळीचे कॉर्ड्स एफ, जी, सी, सी. घर येतं, पण ओळीच्या शेवटी.

मे महिन्यात पुन्हा ला-ला चाचणी. या वेळी माझी शेजारीण आणि तिचा शाळकरी मुलगा. दोघांनी हात बरोबर जागी वर केला. मुलगा तर दुसऱ्या वेळी आधीच, 'हात सुटला'वरच हात उचलून बसला होता. भाचा खूश. त्याच्या मते पायरीचं काम तेच, पुढे काहीतरी येतंय हे कळलं पाहिजे.

आता दुसरं कडवं. आईची फार मोठी गोष्ट मला त्यात सांगायची होती, सोळा बार भरून. पण वहीत टिंबं काढायची गरजच पडली नाही. गातानाच कंटाळा आला. पहिल्या वेळी ती चाल नवी असते, म्हणून सोळा बार चालतात. दुसऱ्या वेळी ऐकणाऱ्याला ती ठाऊक असते, त्याला फक्त नवे शब्द हवे असतात. चार ओळींतल्या दोन कापल्या. कापलेल्या ओळींत माझी एक फार आवडती ओळ होती, आणि ती कुठली हे मी सांगणार नाही, कारण ती पुढच्या गाण्यात वापरायची आहे. उरलेल्या आठ बारांत शेवटच्या ओळीला एक छोटा बदल: पहिल्या कडव्यात ती मंद्र पंचमावर उतरत होती, इथे ती उतरतच नाही, गंधारावर लटकत राहते आणि तिथूनच पायरी सुरू होते. एवढ्याशा फरकानं कान टवकारतो. सगळं बदललं तर ओळख जाते, काहीच नाही बदललं तर लक्ष जातं.

इथवर आल्यावर मला वाटलं झालं. कडवं, पायरी, ध्रुवपद. पुन्हा कडवं, पायरी, ध्रुवपद. शेवटी ध्रुवपद दोनदा. आख्खं गाऊन पाहिलं, आणि अडीच मिनिटांच्या आसपास काहीतरी मेलं. चूक काहीच नव्हती, पण तिसऱ्यांदा येणाऱ्या ध्रुवपदाची कुणी वाटच बघत नव्हतं. इथे लागतो तो ब्रिज, म्हणजे गाण्याच्या मधला वेगळ्या चालीचा तुकडा. आणि जून महिना आख्खा त्यानं खाल्ला.

पहिला ब्रिज म्हणजे खरं तर तिसरं कडवंच होतं. शब्द नवे, पण तसेच भराभर, खालच्या पट्टीत, सी मेजरवरून. भाच्यानं ऐकून फक्त "हं" म्हटलं. मग मी चिडून दुसऱ्या टोकाला गेले. ताल बदलला, चार मात्रांतून थेट दादऱ्यासारखा सहा मात्रांचा झोका. वाजवायला फार मजा आली. बँडमधली पोरं खूश. पण शेजारणीला ऐकवलं तर ती म्हणाली, "हे दुसरं गाणं लागलं का?" आणि परत चारच्या तालात ध्रुवपदावर येताना खरंच गाडी रुळावरून घसरल्यासारखी वाटत होती.

त्या रविवारी भाच्यानं एक जुनं गाणं लावलं, १९३९चं, 'ओव्हर द रेनबो'. हॅरॉल्ड आर्लेन यांची चाल. त्या काळी अशी गाणी बहुतेक बत्तीस बारांची असत: आठ बारांची एक चाल दोनदा, मग आठ बार वेगळे, मग पहिली चाल परत. ते मधले आठ बार म्हणजे इंग्रजांच्या बोलीत 'मिडल एट', तोच ब्रिज. या गाण्याची सुरुवात पहिल्या शब्दातच खालच्या सा वरून तार षड्जावर उडी मारते, आख्खं सप्तक. आणि मधल्या आठ बारांत? पंचम आणि गंधार, पंचम आणि गंधार, लहान मूल झोपाळ्यावर बसल्यासारखी दोन स्वरांत येजा. मी ते पेटीवर वाजवून पाहिलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिथे ब्रिज आणखी मोठा, आणखी उंच काही करतच नाही. मुख्य चाल जे करते त्याच्या उलट करतो. ती उडी मारते, म्हणून हा जागच्या जागी हलतो. मग उडी परत आली की पुन्हा नवी वाटते.

मग मी माझ्या गाण्याला विचारलं, तू आतापर्यंत काय काय केलंस? कडव्यात भराभर शब्द, ध्रुवपदात उंचीवरून उतरणं, कॉर्ड्समध्ये सी, एफ, जी आणि पायरीपुरता डी मायनर. काय नाही केलंस? ए मायनर कुठेच नव्हता. कोमल स्वर एकही नव्हता. आणि एकाच जागी थांबून राहणं नव्हतं. त्या तीन 'नाहीं'मधून ब्रिज झाला. ताल तोच ठेवला, ढोलकी-बेस थांबवले, फक्त गिटार. दोन बार ए मायनर, दोन बार एफ, दोन बार बी फ्लॅट, दोन बार जी. गाणं प आणि ध या दोन स्वरांतच हेलकावे घेतं, बी फ्लॅटवर कोमल निषाद लागतो, आणि जीवर आल्यावर तोच निषाद शुद्ध होतो. कोमल नि ऐकून कान जरा अंधारात जातो आणि शुद्ध नि आला की तार षड्जाकडे ओढ लागते. त्याच्या पुढची जागा ध्रुवपदाचीच आहे.

शब्दही उलटे फिरले. आतापर्यंत मुलगी स्वतःबद्दल बोलत होती, इथे पहिल्यांदा ती आईला विचारते:

आजीनेही अशीच का गं बांधली होती गाठ?
तूही अशीच फिरवलीस का रडू लपवत पाठ?

यानंतर 'जाऊ दे' येतं तेव्हा ते नक्की कोण म्हणतंय, मुलगी की आई की आजी, हे मला आजही सांगता येत नाही. शब्द एकही बदललेला नाही.

(ध्रुपद गायकीत स्थायी, अंतऱ्यानंतर संचारी असते, रवींद्र संगीतातही आहे. ती अशीच वेगळ्या मुलखात फिरवून आणते. म्हणजे गरज त्यांचीही तीच, आपलीही तीच. पण हा विषय माझ्यापेक्षा जाणत्यांचा आहे.)

ब्रिजमध्ये एक चूक शेवटपर्यंत लपून राहिली आणि तिची किंमत मोजावी लागली. मी गाताना शेवटच्या अक्षरावर सवयीनं सा वर येऊन थांबत होते. घरी ते छान वाटायचं.

२१ जुलै, रविवार, स्टुडिओ. ताशी ७०० रुपये. गायिका ओळखीतल्या एक ताई, त्यांचं मानधन ५,०००. रेकॉर्डिस्ट अनुभवी, फारसं न बोलणारे. सगळं गाऊन झालं, त्यांनी काचेपलीकडून बटण दाबलं आणि म्हणाले, "मॅडम, मधल्या तुकड्यानंतर गाणं संपतंय का अजून आहे?" संपत नव्हतं, अजून पाऊण मिनिट होतं. पण सा वर येऊन थांबल्यामुळे कानाला संपल्यासारखंच वाटत होतं. तिथेच बसून आम्ही शेवटचं अक्षर शुद्ध निषादावर आणलं, लांबवलं, आणि ते पुढच्या 'जा'मध्ये मिसळू दिलं. एवढं बसायला आणि ताईंच्या गळ्यात उतरायला तीन तास. २,१०० रुपये एका स्वराचे. म्हणून सांगते, स्टुडिओ बुक करण्याआधी प्रत्येक तुकड्याचा फक्त शेवटचा स्वर आणि पुढच्याचा पहिला स्वर, एवढीच जोडी वाजवून बघा. सांधे तिथे असतात.

त्याच दिवशी शेवटच्या ध्रुवपदाचाही प्रश्न निघाला. बँडमधल्या पोरांचं म्हणणं होतं की शेवटी सगळं गाणं अर्धा स्वर वर चढवायचं, सी वरून काळी एकवर. करून पाहिलं. ताईंचा आवाज ताणला गेला आणि मला ते लग्नाच्या बँडसारखं वाटलं. त्याऐवजी आम्ही दोन साध्या गोष्टी केल्या. शेवटच्या वेळी ध्रुवपदाच्या पहिल्या 'जा'खाली एफऐवजी सी. इतका वेळ नाकारलेलं घर इथे मिळतं, त्याच स्वराखाली. आणि शेवटच्या ओळीत 'मागे'वर एकदाच तार रिषभ. पूर्ण गाण्यात तो स्वर दुसरीकडे कुठेही नाही. आधीच्या खर्ड्यात मी तो पहिल्याच ध्रुवपदात उधळून टाकला होता आणि मग शेवटी वर जायला जागाच उरली नव्हती. आधीची ध्रुवपदं 'दे'ला गंधारावर थांबतात, अर्धवट. शेवटचं तेवढं सा वर.

मांडणी शेवटी अशी ठरली: सुरुवात २ बार, कडवं १६, पायरी ४, ध्रुवपद ८, वाद्यं २, कडवं ८, पायरी ४, ध्रुवपद ८, ब्रिज ८, ध्रुवपद दोनदा मिळून १६, शेवट २. एकूण ७८ बार, ३ मिनिटं १५ सेकंद. पहिलं ध्रुवपद १०० सेकंदांऐवजी ५५ सेकंदांना.

११ ऑगस्टला उरलेलं रेकॉर्डिंग. स्टुडिओचे एकूण नऊ तास, ६,३००. मिक्सिंग-मास्टरिंग ६,०००. तिथे तीन आठवडे वाट पाहिली, त्यातला दीड आठवडा माझ्याच दुरुस्त्यांचा.

मग कागदपत्रं. आधी हे की कॉपीराइट आपोआप असतो, नोंदणी सक्तीची नाही. पण पुढे वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. २ सप्टेंबरला copyright.gov.in वर अर्ज भरायला बसले. मी शब्द आणि चाल एकाच अर्जात घालणार होते. भाच्यानं नियम वाचून थांबवलं. कायद्यात 'संगीत कृती' म्हणजे फक्त संगीत, त्यात शब्द येत नाहीत. शब्द ही वेगळी 'साहित्य कृती'. म्हणजे दोन अर्ज, प्रत्येकी ५०० रुपये. ध्वनिमुद्रणाची नोंदणी तिसरी, तिला २,०००. ती मी तूर्त केली नाही. अर्ज भरल्यावर डायरी नंबर मिळतो, तो जपून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्यावरच होते. मग हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, आणि त्यानंतर छाननी. माझी प्रमाणपत्रं पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आली.

चालीच्या अर्जासाठी नोटेशन जोडायचं ठरवलं आणि पहिल्यांदाच आख्खं गाणं शब्दांशिवाय कागदावर उतरवलं. दुसऱ्या ध्रुवपदापाशी 'वरीलप्रमाणे' लिहिलं, आणि जिथे जिथे ते लिहिता आलं नाही त्या जागा मोजल्या. दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ, ब्रिज, शेवटचं ध्रुवपद. सहा महिन्यांचं काम म्हणजे या तीन जागा आणि एक सोडलेली मात्रा. बाकी सगळं पुनरावृत्ती. तो साचा मात्र कुणाच्याच मालकीचा नसतो, कडवं-पायरी-ध्रुवपद-ब्रिज कुणीही वापरावं.

ऑनलाइन वितरणासाठी एका सेवेचे वर्षाचे १,५०० भरले. त्यांनीच रेकॉर्डिंगला आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगच्या ओळखीचा बारा अक्षर-अंकी क्रमांक दिला. फॉर्ममध्ये गीतकार, संगीतकार, गायक हे रकाने वेगवेगळे असतात, नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर पुढे तीच गायिका दोन दिसते. गाणं ४ ऑक्टोबरला, शुक्रवारी आलं. सगळा हिशेब १९,८०० रुपये, भाच्याची जेवणं सोडून.

दिवाळीत गावाला गेले तेव्हा आईनं मंडळातल्या बायकांना ते आधीच शिकवून ठेवलं होतं. देवळात बसल्या आणि टाळ घेऊन सरळ 'जाऊ दे, जाऊ दे'पासून सुरुवात. ध्रुवपद आधी! दोनदा म्हटलं, मग कडवं, मग पुन्हा ध्रुवपद. पायरी गाळलेली, पहिली मात्रा कुणीच सोडत नव्हतं. मी काही बोलले नाही. दुसऱ्या कडव्यानंतर आईनं टाळ थांबवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ते मधलं आजीचं आम्हाला नाही जमत, ते तू म्हण." मी म्हटलं. कोमल निषाद जरा हललाच. शुद्ध नि वर येऊन थांबले, आणि मी श्वास घ्यायच्या आत सगळ्या बायका टाळांसकट समेवर आल्या.